खोल भाग वाचतो, मग कड का फाटते?

*एचएसएलए ४२० च्या जागी आम्ही डीपी ७८० लावलं. यील्ड जवळजवळ तेवढंच आहे. ब्रॅकेटचा खोल ओढलेला भाग छान निघतो, पण भोकाभोवतीची कॉलर उठवताना कड फाटते. एकाच पत्र्यात हे दोन्ही कसं? आणि ट्रिप स्टील घेतलं तर प्रश्न सुटेल का?*

खोल भाग ज्या कारणाने वाचतो, त्याच कारणाने कड फाटते. ट्रिप घेतल्याने कड वाचेलच असं नाही, बऱ्याचदा वाचत नाहीच. का, ते समजायला पत्र्याच्या आत काय आहे ते आधी पाहावं लागेल.

डीपी म्हणजे मऊ फेराइट आणि त्यात विखुरलेली कडक मार्टेन्साइटची बेटं. ही रचना ॲनीलिंगच्या भट्टीत ठरते. गुंडाळीतला पत्रा साधारण ७६० ते ८२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. या तापमानाला पोलाद पूर्ण ऑस्टेनाइट होत नाही. काही भाग फेराइटच राहतो, काही ऑस्टेनाइट होतो. फेराइटला कार्बन जवळपास सामावतच नाही, जेमतेम ०.०२ टक्के. त्यामुळे पत्र्यातला सगळा कार्बन ऑस्टेनाइटच्या वाट्याला जातो. मग पत्रा झपाट्याने थंड केला की तीनशे अंशांच्या अलीकडे-पलीकडे त्या ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट व्हायला लागतं.

इथे एक साधा हिशोब करून बघा. पत्र्यात सरासरी ०.१० टक्के कार्बन आहे असं धरू. भट्टीत २० टक्के ऑस्टेनाइट झालं तर त्यातला कार्बन पाचपट, म्हणजे ०.५ टक्के. तापमान वाढवून ४० टक्के ऑस्टेनाइट केलं तर तोच कार्बन दुप्पट जागेत पसरतो आणि ०.२५ टक्क्यांवर येतो. मार्टेन्साइटचा कडकपणा मुख्यतः त्यातल्या कार्बनवर अवलंबून असतो. म्हणून पहिल्या पत्र्यात बेटं थोडी पण अतिशय कडक, तर दुसऱ्यात बेटं जास्त पण त्या मानाने नरम. रासायनिक तपासणीचा कागद दोन्हींचा हुबेहूब सारखा येईल. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कडेच्या भानगडीत ती कामाला येणार आहे.

आता खोल भाग का वाचतो ते पाहू. ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होताना ते फुगतं, घनफळात दोन ते चार टक्क्यांनी. तोपर्यंत भोवतालचं फेराइट थंड होऊन बसलेलं असतं, त्याला ही बेटं आतून रेटतात. त्या रेट्याने फेराइटमध्ये ताजी, कुठेही न अडकलेली डिसलोकेशन्स, म्हणजे स्फटिकाच्या रचनेतले सरकणारे दोष, तयार होतात. प्रेसमध्ये पत्रा ओढायला सुरुवात झाली की ती लगेच सरकायला लागतात. म्हणून डीपीचा ताण-आलेख यील्डपाशी झटका न देता गोलाकार वळतो, आणि पत्र्यावर ल्यूडर्सच्या वळ्या उमटत नाहीत. अंतिम ताकदीच्या मानाने यील्डही खालीच राहतं. तुमच्या एचएसएलएमध्ये यील्ड हे अंतिम ताकदीच्या पाऊण हिश्श्याहून जास्त असतं. डीपी ७८० मध्ये बहुधा ते साठ टक्क्यांच्या आसपास असतं.

पण खरी मजा त्यानंतर सुरू होते. फेराइट वाहायला लागतं, मार्टेन्साइट मात्र सुरुवातीला हटत नाही. दोन्ही एकमेकांना चिकटलेली असल्यामुळे सीमेपाशी फेराइटला मुरड घालून जुळवून घ्यावं लागतं, आणि प्रत्येक मुरडीसाठी नवी डिसलोकेशन्स लागतात. ती सीमेजवळ साचतात आणि मागून येणाऱ्यांची वाट अडवतात. परिणामी फेराइट स्वतःच भराभर कडक होत जातं. लोक इथे काँक्रीटची उपमा देतात: खडी कडक, सिमेंट मऊ. मला ती पटत नाही. काँक्रीटमध्ये खडीमुळे सिमेंटचा स्वभाव बदलत नाही. इथे मार्टेन्साइटच्या शेजाराने फेराइटच बदलतं.

पत्रा एका जागी बारीक होऊन तुटतो, त्याला आपण नेकिंग म्हणतो. एखादी जागा इतरांपेक्षा जरा जास्त ताणली गेली की ती पातळ होते, म्हणजे तिथे ताण वाढतो. त्याच वेळी ती जागा कडकही होते. कडक होण्याचा वेग पातळ होण्यापेक्षा पुढे असेल तर ती जागा पुढे ताणायला नकार देते आणि काम शेजाऱ्यावर ढकलते. ज्या क्षणी हा वेग मागे पडतो, त्या क्षणी नेक सुरू होतो. डीपी सुरुवातीच्या काही टक्क्यांत फार झपाट्याने कडक होतं, त्यामुळे पंचच्या त्रिज्येवरचा ताण तिथेच न साचता भिंतीवर आणि तळावर पसरतो. तुमचा खोल भाग छान निघतो तो यामुळे.

कॉलर उठवताना मात्र गोष्ट वेगळी असते. तिथे ताण पसरायला शेजारच नसतो. भोकाची कड हीच शेवटची रेघ, आणि ती रेघ पंचने आधीच कापून, चुरडून ठेवलेली असते.

भोक पाडताना पत्रा अर्धा कापला जातो आणि अर्धा तुटतो. कापलेल्या तोंडाकडे भिंगातून पाहिलं तर वर जरासा गोलवा, त्याखाली चकचकीत पट्टा, मग खडबडीत पट्टा, आणि शेवटी बर दिसते. या तोंडामागे पत्र्याच्या जाडीचा काही अंश इतका भाग प्रचंड दामटलेला असतो. साध्या मऊ पोलादात तिथलं सगळंच एकसारखं दामटतं. डीपीमध्ये मात्र फेराइट आणि मार्टेन्साइट यांच्या कडकपणात तिपटी-चौपटीचा फरक असतो. कातरताना मऊ बाजू वाहते, कडक बाजू मागे राहते, आणि सीमेवर सूक्ष्म पोकळ्या पडतात. काही बेटांना तर मधोमध तडा जातो. कॉलर उठायच्या आधीच कडेला शेकडो चिरा तयार असतात. पंच वर येतो तेव्हा त्यातली सर्वांत वाईट चीर फक्त उघडते.

थोडक्यात, दोन अवस्थांमधला फरक जितका मोठा, तितकं पत्र्याच्या पोटातलं ताणणं चांगलं आणि कडेचं ताणणं वाईट. तन्यता चाचणीतला लांबीवाढीचा आकडा पहिल्या गोष्टीबद्दल सांगतो, दुसरीबद्दल नाही. फॉर्मिंग लिमिटचा आलेखही अखंड पत्र्यासाठी असतो. म्हणूनच सिम्युलेशनमध्ये कॉलर हिरवी दिसते आणि प्रेसवर फाटते.

कडेसाठी वेगळी चाचणी आहे, होल एक्सपान्शन, आयएसओ १६६३०. १० मिमीचं भोक ठरावीक क्लिअरन्सने पाडायचं आणि ६० अंशांच्या शंकूने ते रुंदावत जायचं. चीर जाडीभर आरपार गेली की थांबायचं. व्यास मूळच्या किती टक्के वाढला तो आकडा. तुमच्या कॉलरची गरजही याच भाषेत मांडता येते.

माझ्या हातातलं एक प्रकरण सांगतो, तुमच्याशी बरंच जुळतं. १.४ मिमी जाडीचं डीपी ७८०, आधीचं भोक २४ मिमी, कॉलर उठवून ३२ मिमी. म्हणजे वाढ ३३ टक्के. ट्रायआउटमध्ये पहिले तीनशे तुकडे निर्दोष निघाले, सगळ्यांनी सह्या केल्या. उत्पादन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत शंभरात तीन-चार तुकडे फाटायला लागले. पुरवठादाराकडे बोट गेलं, ते आमच्याकडे नेहमीच सगळ्यात आधी तिकडे जातं. प्रमाणपत्रात यील्ड, ताकद, लांबीवाढ सगळं मर्यादेत होतं, त्यामुळे वाद रंगला पण हाती काही लागलं नाही.

मी आधी चिरेजवळची जाडी मोजली. कडेपासून दोन-तीन मिमी आत जाडी जवळपास शेजारच्या भागाइतकीच होती. नेकिंगने फाटलं असतं तर तिथे पत्रा स्पष्ट पातळ झालेला असता. म्हणजे दोष ताणाच्या वाटपात नव्हता, कडेतच होता. खात्रीसाठी दहा ब्लँक बाजूला काढले, भोकं जरा लहान पाडली आणि २४ मिमीपर्यंत रीमरने घेतली. त्यामुळे कातरलेला, दामटलेला थर निघून गेला. त्याच डायवर दहाही कॉलरी न फाटता उठल्या. पत्रा तोच, प्रेस तोच, फक्त कड वेगळी. या चाचणीला अर्धा दिवसही लागला नाही आणि महिनाभराचा वाद तिथे संपला.

मग भोक पाडायच्या डायकडे गेलो. पंच आणि डाय यांतलं अंतर एका बाजूला ०.१ मिमी होतं, जाडीच्या सात टक्के. मऊ पोलादाच्या काळातली ही सवय कुणी बदललीच नव्हती. इतक्या कमी क्लिअरन्सला वरून आणि खालून निघालेल्या चिरा एकमेकींना गाठत नाहीत, मधला भाग पुन्हा कातरला जातो. तोंडावर त्याची खूण दिसते: खडबडीत पट्ट्याच्या मधे दुसरा चकचकीत पट्टा. आमच्या तुकड्यांवर तो स्पष्ट होता. शिवाय पंचची धार बोथट झाली होती, आणि बर कॉलरच्या बाहेरच्या बाजूला येत होती. कॉलर उठताना बाहेरची बाजूच जास्त ताणली जाते, म्हणजे सगळ्यात खराब कड सगळ्यात जास्त ताणावर ठेवलेली.

क्लिअरन्स ०.२१ मिमी केला, जाडीच्या १५ टक्के. भोक पाडायची दिशा उलटी केली, म्हणजे बर कॉलरच्या पंचकडे आली. धार लावण्याची पाळी जवळ आणली. आणि डिझाइनवाल्यांना पटवून आधीचं भोक २५ मिमी करून घेतलं. त्याने कॉलर साधारण अर्धा मिमी बुटकी झाली, पण वाढ ३३ वरून २८ टक्क्यांवर आली. प्रयोगशाळेतून पत्र्याचा होल एक्सपान्शनचा सरासरी आकडा आला तो ३४ होता. नव्या, धारदार पंचने पाडलेल्या भोकाचा ३४, आणि आपण ३३ मागत होतो. ट्रायआउट का पास झालं आणि उत्पादन का अडलं, ते या दोन आकड्यांतच होतं.

प्रकरण इथेच संपलं असतं तर बरं झालं असतं. काही महिन्यांनी दुसऱ्या मिलच्या कॉइलवर पुन्हा चिरा आल्या, पण या वेळी त्यांना शिस्त होती. जवळजवळ प्रत्येक तुकड्यावर त्या भोकाच्या समोरासमोरच्या दोन टोकांवर होत्या, आणि ती टोकं लाटणीच्या दिशेवर पडत होती. त्या दोन ठिकाणी कडेचा ताण लाटणीला आडवा असतो, म्हणजे चीर लाटणीच्या दिशेने उघडते. छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर पत्र्याच्या मध्यजाडीत मार्टेन्साइटची बेटं विखुरलेली नव्हती. लाटणीच्या दिशेने सलग पट्टे झाले होते. ओतकामात मँगनीज मध्यभागी साचतं, लाटताना तो साठा लांब पट्ट्यासारखा पसरतो, आणि भट्टीत ऑस्टेनाइट त्याच पट्ट्यात आधी तयार होतं. चिरेला अशी तयार वाट मिळाली की ती थांबत नाही. दोन्ही मिलचा पत्रा मानकानुसार डीपी ७८० च होता, कारण मानक ताकद बघतं, बेटांची मांडणी बघत नाही. त्यानंतर त्या भागाच्या खरेदीच्या कागदात होल एक्सपान्शनचा किमान आकडा टाकायला लावला.

आता ट्रिपकडे वळू. पत्रा ताणला जाताना त्यातल्या ऑस्टेनाइटचं मार्टेन्साइट होतं आणि त्याने ताणण्याची क्षमता वाढते, या परिणामाला १९६७ साली झॅके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नाव दिलं, पण त्यांची पोलादं महाग मिश्रधातूंनी भरलेली होती. गाडीच्या बॉडीत येतं ते स्वस्त रूप: साधारण ०.२ टक्के कार्बन, दीड टक्का मँगनीज आणि दीड टक्का सिलिकॉन किंवा त्याच्या जागी ॲल्युमिनियम. भट्टीत अर्धं ऑस्टेनाइट केलं की त्यात कार्बन ०.४ टक्क्यांच्या जवळ जातो. मग पत्रा थेट थंड न करता ४०० अंशांच्या आसपास काही मिनिटं धरून ठेवतात. तिथे ऑस्टेनाइटच्या ५० भागांपैकी समजा ३५ भागांचं बेनाइट होतं. एरवी बेनाइट होताना कार्बन कार्बाइडमध्ये अडकतो. सिलिकॉन ते होऊ देत नाही, म्हणून कार्बन उरलेल्या १५ भागांत लोटला जातो. सगळा तिकडे गेला तर १.३ टक्क्यांपर्यंत पोचेल. प्रत्यक्षात १ ते १.२ टक्के पोचतो. इतका कार्बन असलेलं ऑस्टेनाइट खोलीच्या तापमानालाही मार्टेन्साइट होत नाही, तसंच टिकून राहतं.

ते मार्टेन्साइट होतं प्रेसमध्ये, ओढलं जाताना. डीपीमध्ये कडक बेटं पहिल्यापासून हजर असतात, म्हणून कडक होण्याचा जोर सुरुवातीला असतो आणि मग ओसरतो. ट्रिपमध्ये कडक बेटं गरज पडेल तसतशी तयार होतात. जी जागा जास्त ताणली जाते तिथेच नवं मार्टेन्साइट उगवतं आणि त्या जागेला आवरतं. कडक होण्याचा वेग त्यामुळे बराच वेळ टिकतो आणि नेक उशिरा येतो. ८०० मेगापास्कलच्या ट्रिपची लांबीवाढ तेवढ्याच ताकदीच्या डीपीपेक्षा ठळकपणे जास्त येते ती यामुळे.

मात्र ऑस्टेनाइटचा टिकाऊपणा नेमका हवा. कार्बन कमी पडला तर पहिल्या दोन-तीन टक्के ताणातच सगळं मार्टेन्साइट होऊन जातं आणि ट्रिपचं डीपी होतं. फार टिकाऊ झालं तर ते शेवटपर्यंत बदलतच नाही, त्याचा उपयोग शून्य. तापमानाचाही यात हात असतो: पत्रा गरम असेल तर ऑस्टेनाइट जास्त टिकतं आणि बदल मागे पडतो. सकाळच्या थंड डायवरचे तुकडे आणि दोन तास चाललेल्या डायवरचे तुकडे वेगळे वागले तर नवल वाटून घेऊ नका.

आणि तुमच्या कडेचं काय? भोक पाडणं ही ट्रिपच्या दृष्टीने प्रचंड ताणाची क्रिया आहे. कडेजवळच्या ऑस्टेनाइटचं बरंचसं मार्टेन्साइट तिथेच होऊन जातं, आणि ते असतं एक टक्का कार्बनचं, म्हणजे डीपीतल्या मार्टेन्साइटपेक्षाही कडक आणि ठिसूळ. कॉलर उठवायची वेळ येते तेव्हा कडेपाशी ट्रिपचा साठा बराचसा संपलेला असतो, उरतो तो फक्त कडकपणाचा फरक. लांबीवाढीच्या आकड्यावर भुलून ट्रिप आणलं आणि कड आणखी फाटली, असं झालेलं मी पाहिलं आहे. वर सिलिकॉनमुळे झिंक नीट धरत नाही, वेल्डमध्ये कार्बन जास्त, आणि झिंक लावलेला पत्रा स्पॉट वेल्ड करताना वितळलेलं झिंक शिरून चिरा पडायची भीती वेगळीच. तुमचा खोल भाग आताच निघतो आहे, म्हणजे ट्रिपचा जो खरा फायदा आहे त्याची तुम्हाला गरजच नाही.

पत्रा बदलायचाच असेल तर दिशा उलटी घ्या: दोन अवस्थांमधला फरक कमी करणारा पत्रा बघा. एक मार्ग म्हणजे त्याच ७८० वर्गातलं कॉम्प्लेक्स फेज. त्यात बेनाइट जास्त, मऊ फेराइट कमी, म्हणून कड खूप चांगली. पण त्याचं यील्ड बरंच वर असतं आणि लांबीवाढ कमी. तुमचा खोल भाग त्यावर फाटू शकतो आणि स्प्रिंगबॅकही वाढेल. दुसरा मार्ग म्हणजे मिलला सांगून जास्त होल एक्सपान्शनचं डीपी घेणं, ज्यात बेटं बारीक आणि कमी कार्बनची असतात किंवा मार्टेन्साइट थोडं टेम्पर केलेलं असतं. वरचा ०.५ आणि ०.२५ चा हिशोब आठवा, मिल हेच करते. तुमच्या ब्रॅकेटसाठी मी आधी हा दुसरा मार्ग बघेन, तोही भोकाची डाय तपासून झाल्यावरच.

तेव्हा दहा ब्लँकची भोकं रीमरने करून बघा. त्यावरही कॉलर फाटली तर पत्रा किंवा कॉलरची उंची. नाही फाटली तर पंच, क्लिअरन्स आणि बरची बाजू. आणि ब्लँक कापण्याआधी त्यावर लाटणीची दिशा मार्करने आखून ठेवा. नंतर फाटलेल्या तुकड्यावर चीर त्या रेघेच्या टोकाला आहे की कुठेही आहे, हे ओळखायला दुसरा सोपा मार्ग उरत नाही.